राजम्याची बरणी, चादर आणि एक मिनिट: तिसरीच्या वर्गातला अंदाजाचा खेळ

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेतलं आहे. तिसरीचा वर्ग, पटावर २६ मुलं. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी दखनी, आणि वर्गात सगळ्यांची मिळून सोलापुरी मराठी. शाळेच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. त्याची खटखट दिवसभर चालू असते आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. पुढे या खटखटीने चांगलाच गोंधळ घातला, म्हणून तिचा उल्लेख इथेच करून ठेवतो. वर्ग बाईंचा. मी गणिताचा साधनव्यक्ती म्हणून अधूनमधून मागच्या बाकावर बसायचो आणि नंतर बाईंबरोबर मुलांचे नोंदतक्ते वाचायचो.

खेळ साधा होता. बरणीत राजम्याचे दाणे किती, एखादी वस्तू किती लांब, एखाद्या कामाला किती वेळ लागेल, हे आधी अंदाजाने सांगायचं, मग मोजायचं आणि दोन्ही कागदावर लिहायचं. एनसीईआरटीने २०१७ साली काढलेल्या अध्ययन निष्पत्तींमध्ये तिसरीच्या मुलाने लांबीचा अंदाज करून ती सेंटिमीटर-मीटरमध्ये मोजावी अशी अपेक्षा आहे, त्यामुळे अभ्यासक्रमाबाहेरचं काही चाललेलं नव्हतं. वेळेचं मात्र वेगळं आहे. तिसरीत घड्याळातले पूर्ण तास वाचता आले तरी पुरतं. सेकंद मिनिटात बदलणं या वयाचं काम नाही, आणि ती मर्यादा बाईंनी शेवटपर्यंत सांभाळली.

पहिला नोंदतक्ता तीन रकान्यांचा होता: अंदाज, खरं, फरक. ज्याचा फरक सगळ्यांत कमी त्याच्या नावापुढे चांदणी. बरणीची फेरी झाल्यावर बाईंनी तक्ते गोळा केले, तर निम्म्याहून जास्त मुलांचा फरक पाचच्या आत. तीनशेच्या वर दाणे असलेल्या बरणीचा अंदाज इतक्या मुलांना इतका अचूक येणं शक्यच नाही. कागद खिडकीशी उजेडात धरल्यावर अंदाजाच्या रकान्यात खोडरबराच्या खुणा स्पष्ट दिसल्या. मोजून झाल्यावर मुलांनी अंदाज दुरुस्त केला होता.

याला लबाडी म्हणायला मी तयार नाही. तिसरीपर्यंत मुलं एक गोष्ट पक्की शिकलेली असतात: वहीत चुकलेलं उत्तर दिसलं की खोडायचं आणि बरोबर लिहायचं. मोजून आलेलं बरोबर उत्तर समोर आल्यावर शेजारचा ५०० हा आकडा त्यांना चुकलेला वाटला आणि त्यांनी तो नीटनेटका केला, इतकंच. त्यात चांदणी फरकावर, म्हणजे खोडायला कारणही मिळालं.

दुसरी अडचण तक्त्यात दिसत नव्हती, ती वर्गात ऐकू आली. बाईंनी बरणी उचलताच मागून एकजण ओरडला, "पाचशे!" त्यानंतर जे आकडे आले ते ५००, ५१०, ४९०, पुन्हा ५००. मुलं बरणीकडे बघत नव्हती, त्या ओरडलेल्या आकड्याकडे बघत होती. उरलेल्यांमध्ये एकाने १ लाख लिहिलं होतं आणि एका मुलीने १०००. तिला विचारलं तर म्हणाली, "बाई, लई हायेत."

बाईंनी पुढच्या फेरीआधी तक्ता बदलला. अंदाज स्केचपेनने आणि माप पेन्सिलीने लिहायचं ठरलं, म्हणजे खोडायची सोयच राहिली नाही. अंदाज लिहून होईपर्यंत तोंडावर बोट. चांदणी गेली आणि तिच्या जागी प्रत्येक वस्तूपुढे "जवळ" कशाला म्हणायचं ते आधीच छापलेलं आलं: बरणीला ५० दाणे इकडे-तिकडे, चादरीला २० सेंटिमीटर, मिनिटाला १० सेकंद. याचीही गरज होती, कारण पहिल्या फेरीत ४० दाण्यांच्या वाटीला ६० म्हणणारा मुलगा (फरक २०) मोठ्या बरणीत फक्त २३ दाण्यांनी चुकलेल्या मुलीच्या पुढे गेला होता. शेकडेवारी न शिकवता हा अन्याय दूर करायचा तर वस्तूगणिक वेगळी मर्यादा ठेवणं एवढाच उपाय आहे.

सगळ्यांत मोठा बदल होता तो "कशावरून?" हा नवा रकाना आणि दुसऱ्या अंदाजाची जागा. आधी मनाने एक अंदाज. मग बाई ओळखीचं एखादं माप दाखवणार. त्यावरून दुसरा अंदाज, तो कशावरून केला ते एका ओळीत, आणि त्यानंतरच मोजणी.

बरणीसाठीचं ओळखीचं माप म्हणजे "शंभरची बरणी": तशीच, त्याच मापाची दुसरी बरणी आणि तिच्यात मोजून घातलेले १०० दाणे. इथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे बरणी सरळ भिंतीची हवी. लोणच्याच्या बरणीसारखा पोट फुगलेला आणि गळा निमुळता असेल तर उंचीवरून केलेला हिशेब फसतो, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. दुसरी, दोन्ही बरण्यांत दाणा एकाच जातीचा असावा. तिसरी गोष्ट सहज निसटते. बरणी हलवली की दाणे बसतात आणि पातळी खाली जाते, त्यामुळे एक बरणी हातोहात फिरलेली आणि दुसरी टेबलावर ठेवलेली असेल तर तुलना बिघडते. बाई दोन्ही बरण्या मुलांसमोर तीन-तीनदा टेबलावर आपटून घ्यायच्या. दोन्ही बरण्या मिळून पाव किलो राजमा पुरला. कच्चा राजमा खाल्ला तर पोट बिघडतं, उलट्या होतात. म्हणून झाकणाला चिकटपट्टी आणि मोजून झाल्यावर दाणे पुन्हा मोजून बरणीत, हा नियमच होता.

आदल्या वेळी १००० लिहिणारी मुलगी शंभरच्या बरणीला बोटं लावून बराच वेळ बसली. शंभर दाणे जेमतेम दोन बोटं उंचीपर्यंत आलेले. मग तिने मोठ्या बरणीला खालून वर बोटं लावली. तिच्या तक्त्यातल्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या:

| वस्तू | पहिला अंदाज | दुसरा अंदाज | कशावरून? | मोजलं | फरक |
|---|---|---|---|---|---|
| राजम्याची बरणी | १००० | ३५० | २ बोटं शंभर, इथे ७ बोटं | ३४२ | ८ |
| चादर (सेमी) | १०० | २१० | ७ पट्ट्या बसतील | २४५ | ३५ |

फरक शेवटच्या अंदाजापासून काढायचा, असं ठरलं होतं. पहिल्या ओळीत माझं लक्ष ८ या आकड्याकडे कमी आणि सात बोटांकडे जास्त गेलं. ३५० हा आकडा नशिबानेही लागू शकतो. पण "२ बोटं शंभर, इथे ७ बोटं" यात भागाकाराचं बीज आहे, आणि तो अजून तिला शिकवलेलाही नव्हता. उलट एका मुलाचा फरक फक्त ३ होता आणि कशावरून या रकान्यात त्याने लिहिलं होतं, "माझा आवडता नंबर". बाईंनी तक्ते वाचताना या दोघांना वेगळं काढलं. पुढच्या फेरीत त्या मुलाला शंभरची बरणी मुद्दाम हातात दिली.

मोजणीतही एक गंमत झाली. बरणीतले दाणे पाच गटांच्या ताटांत वाटले, प्रत्येक गटाने कागदी पेल्यांत दहा-दहा टाकून मोजले आणि बाईंनी फळ्यावर बेरीज मांडली. एका मुलीने मात्र पेले बाजूला सारून पंचवीस-पंचवीसचे ढीग केले, कारण घरी आजी विड्यांच्या जुड्या तशाच बांधते. तिला कुणी अडवलं नाही. बेरीज आली ३५२. पण एका गटाच्या ताटात भरलेले पेले ५ आणि सुटे दाणे ९ होते, कागदावर मात्र ६९. मोजताना मुलगा "एकोणसाठ" असं बरोबर म्हणाला होता, लिहिताना "साठ" ऐकून सहा लिहिला. मराठीतल्या एकोणीस, एकोणतीस, एकोणसाठ या संख्या तिसरीतही अशा घसरतात. म्हणून मोजणीच्या कागदावर आकड्याच्या शेजारी पेले आणि सुटे वेगळे लिहून घ्यावेत. नाहीतर दहाची चूक बरणीच्या उत्तरात मिसळून जाते आणि पत्ताही लागत नाही. दुरुस्तीनंतर ७०, ६४, ८१, ५९ आणि ६८ मिळून ३४२ झाले.

आता चादर. लांबीच्या फेरीसाठी बाईंनी बाक, फळा असं नेहमीचंच योजलं होतं. पण एका मुलाचे वडील लूमवर काम करतात, त्याने घरून सोलापुरी चादर आणली आणि मुलं तिच्याभोवतीच जमली. चादर वर्गाच्या शहाबादी फरशीवर अंथरली. ओळखीचं माप म्हणून ३० सेंटिमीटरची पट्टी सगळ्यांना दाखवली. वर दाखवलेल्या मुलीने डोळ्यांनीच सात पट्ट्या बसवल्या. चादर आणणाऱ्या मुलाने पट्टीकडे बघितलंही नाही. त्याने आधी एका फरशीवर पट्टी दोनदा ठेवून ती ६० असल्याची खात्री करून घेतली होती आणि कशावरून या रकान्यात लिहिलं, "४ फरशांना थोडी कमी". अंदाज २२५.

मग मोजणी. मोठा टेप एकच होता आणि तो दुसऱ्या वर्गात गेलेला, म्हणून मुलांनी कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी पुढे-पुढे सरकवत मोजलं. आलं २४५. फळ्यावर २४५ लिहिलं गेलं, सगळ्यांनी उतरवलं, आणि फरशीवाल्या मुलाचा फरक २० आला. "जवळ"च्या अगदी कडेवर. तो काही बोलला नाही. पण मधल्या सुट्टीत पुन्हा चादरीच्या टोकाशी जाऊन उभा राहिला आणि बाईंना म्हणाला, "बाई, चार फरशा म्हणजे दोनशे चाळीस. चादर चार फरशांच्या आतच हाय. मग दोनशे पंचेचाळीस कसं?"

हा प्रश्न मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. तोपर्यंत वर्गात एक समजूत होती की माप खरं असतं आणि अंदाज त्याच्यापुढे गुन्हेगारासारखा उभा राहतो. इथे अंदाजाने मापालाच जाब विचारला.

बाईंनी त्या गटाला पुन्हा मोजायला लावलं आणि आपण फक्त बघत बसल्या. मुलं पट्टीचं टोक चादरीच्या काठाला लावत नव्हती, १ हा आकडा लावत होती. पट्टीवर छापलेला शून्य झिजलेला, शिवाय मोजणं एकपासून सुरू होतं ही सवय. म्हणजे प्रत्येक वेळी १ ते १५, खरी लांबी १४, आणि हिशेबात धरले १५. सोळा वेळा पट्टी सरकली तेव्हा चादर सरली २२४, मुलांच्या लेखी २४०. उरलेले ४ सेंटिमीटरही एकपासून मोजल्यामुळे ५ वाचले गेले. एकूण २४५. टेप परत आल्यावर मोजलं तर २२८. चादरींचं नेहमीचं ९० इंचांचं माप सेंटिमीटरमध्ये इतकंच भरतं, म्हणजे टेपवर शंका घेण्याचं कारण नव्हतं. फरशीवाल्याचा फरक २० वरून ३ झाला आणि सात पट्ट्यांवालीचा ३५ वरून १८.

ही चूक नोंदतक्त्यावरून ओळखता येते, वर्गात हजर असण्याची गरज नाही. मुलं पट्टी एकपासून लावत असतील तर पेन्सिल, खोडरबर अशा छोट्या वस्तूंची मापं नेमकी १ ने जास्त येतात, आणि वस्तू जितकी लांब तितकी चूक वाढत जाते, कारण ती पट्टीच्या प्रत्येक टप्प्याबरोबर साचते. दोन टप्प्यांमध्ये फट राहत असेल तर उलट होतं आणि माप कमी भरतं. बाईंनी नंतर सगळ्या पट्ट्यांवर शून्याच्या रेघेशी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. काही पट्ट्यांवर शून्य अगदी टोकाला नसतो, थोडा आत असतो, त्यामुळे "टोक लावा" असं सांगूनही भागत नाही. ठिपका लावा, हेच बरोबर.

वेळेची फेरी सगळ्यांत अवघड गेली. दाणे दिसतात, चादर दिसते, मिनिट दिसत नाही. खेळ असा: डोळे मिटायचे, बाईंनी टाळी वाजवली की मनात मोजायला लागायचं आणि एक मिनिट झालंसं वाटलं की हात वर. बाई भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघून नोंद करणार. मोबाईलवरचं स्टॉपवॉच मुद्दाम टाळलं, कारण त्यावर सेकंदाच्या मागे शतांश पळत असतात आणि मुलं तेच वाचतात.

आधी एक विचित्र उत्तर. एक मुलगा तब्बल ९५ व्या सेकंदाला हात वर करून म्हणाला, "आत्ता शंभर झालं." मीटरमध्ये शंभर सेंटिमीटर, रुपयात शंभर पैसे, तर मिनिटात शंभर सेकंद का नसावेत? त्याची वेळेची जाण चांगलीच होती, मिनिट साठ सेकंदांचं असतं एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. फक्त फरकाचा रकाना पाहिला असता तर हाच मुलगा वर्गात सर्वांत कच्चा ठरला असता.

बाकीच्यांचे हात लवकर वर येणार हे अपेक्षितच होतं. डोळे मिटून नुसतं बसलं की वेळ संपता संपत नाही. पण नोंदीत एक गोष्ट खटकली. काही हात चाळीस-पन्नास सेकंदांच्या दरम्यान विखुरलेले, आणि खिडकीकडच्या दोन रांगांचे हात मात्र जवळजवळ एकाच वेळी, २८ ते ३२ व्या सेकंदाला वर आलेले. मुलं एकमेकांना बघत नव्हती, डोळे मिटलेले होते. मग हे कसं?

कशावरून या रकान्यात त्यातल्या तिघांनी एकच लिहिलं होतं: "६० मोजले". बाईंनी त्यांना मोठ्याने मोजायला सांगितलं, आणि ते मोजायला लागल्याबरोबर आमच्या दोघांच्याही लक्षात आलं. मुलं शेजारच्या लूमच्या ठोक्यावर मोजत होती. साध्या यंत्रमागाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर असतात. त्या कारखान्यातल्या खिडकीजवळच्या लूमचे बाईंनी घड्याळ लावून मोजले तर अर्ध्या मिनिटात साठच्या आसपास भरले. मुलांनी अगदी चोख मोजलं होतं, फक्त त्यांचा सेकंद अर्धा होता. पट्टी एकपासून लावणं आणि सेकंद लूमच्या ठोक्याला लावणं ही एकाच जातीची चूक आहे: मोजणी बरोबर आणि मोजायचं एकक चुकीचं. फरक सतत एकाच बाजूला आणि जवळजवळ ठरावीक प्रमाणात येत असेल तर मुलाची मोजणी तपासण्याआधी त्याचं एकक तपासायला हवं.

आता मिनिटासाठीही शंभरच्या बरणीसारखं काहीतरी हवं होतं. बाईंनी पुन्हा राजमा काढला. सेकंदकाट्याच्या प्रत्येक टिचकीला ताटात एक दाणा टाकायचा. साठ दाणे पडले की एक मिनिट. काटा पुन्हा बाराशी येतो आणि त्याच वेळी साठावा दाणा पडतो, हे मुलांनी दोन-तीनदा हाताने केलं. त्या हालचालीचा वेग त्यांच्या हातात बसला. त्यानंतर डोळे मिटून, रिकाम्या हाताने दाणा टाकल्यासारखं करत मोजलं. बहुतेक हात ५० ते ७० च्या दरम्यान आले. लूम चालूच होता. काहीजणांचा हात मधूनच त्याच्या ठोक्यात घसरायचा आणि कपाळाला आठ्या पडायच्या.

यापुढच्या वेळेच्या वस्तू तक्त्यावर फक्त सेकंदांत ठेवल्या: दप्तर भरणं, नळावर हात धुणं, पाढा म्हणणं. मिनिटाच्या वर जाणारं काम घेतलंच नाही, कारण ८० सेकंदांना १ मिनिट २० सेकंद म्हणायचं की १२० लिहायचं, या गोंधळात अंदाज बाजूला पडतो. इथे गंमत उलटी होती. नुसतं बसल्यावर मिनिट लांब वाटलेल्या याच मुलांनी दप्तर भरायला १० सेकंद लागतील असं लिहिलं आणि लागले ३५-४०. हात कामात असले की वेळ हिशेबात येत नाही. त्यासाठी ओळखीचं माप कोणतं द्यायचं, यावर बाई आणि मी अजून एकमताला आलेलो नाही. माझं म्हणणं, एका मुलाने दप्तर भरताना दुसऱ्याने शेजारी दाणे टाकत जावं. बाईंचं म्हणणं, मग तो अंदाज राहत नाही, मोजणीच होते.

पुढच्या फेरीसाठी त्याच बरणीत मूग भरायचं मुलांनी सुचवलं. दाणा लहान झाला की संख्या वाढते हे बघायला ते उत्तम. पण शंभर मूग बरणीचा तळही धड झाकत नाहीत आणि पूर्ण बरणी हजारांच्या घरात जाते, तिसरीच्या तीन अंकी संख्यांच्या पलीकडे. म्हणून बाईंनी बरणीऐवजी औषधाच्या बाटलीचं छोटं झाकण मुगाने भरलं आणि शेजारी तसंच झाकण राजम्याने भरून ठेवलं. नव्या तक्त्यात पहिला प्रश्न आकड्याचा नाही. "कशात जास्त दाणे?" एवढाच आहे आणि त्याच्यापुढे, स्केचपेनने लिहायला, कशावरूनचा रकाना.